तुझ्या नंबरवर गेलेला कोड

महेशअण्णा,

गुरुवारी निकाल होता आणि माझं ईमेल खातं बंद झालं होतं. निकाल उघडायचा कोड त्याच ईमेलवर येणार होता. "हिनंच पासवर्ड चुकवला," असं तू अप्पांना सांगितलंस. खातं तूच काढून दिलेलं, म्हणून ते परत मिळवायचा कोड तुझ्या नंबरवर जात होता. मी पाचदा फोन केला. "काही आलं नाही गं," म्हणालास.

मग कॉलेजच्या लॅबमध्ये, मी रोज वापरायचे त्याच संगणकावर बसले. आठवणारा जुना पासवर्ड दिला, संपर्कासाठी कॉलेजचा ईमेल दिला. दोनदा नकार आला. तिसऱ्यांदा दोन दिवस थांबायला सांगितलं, आणि बुधवारी लिंक आली.

नवा पासवर्ड घालून खातं कुठल्या फोनवर उघडं आहे ते पाहिलं. तुझा फोन होता. पासवर्ड तिथूनच बदलला होता, तू आणलेलं बेळगावचं स्थळ मी नाकारलं त्याच संध्याकाळी. तुझा फोन खात्यातून काढला, तुझा नंबर काढून माझा घातला.

पहिला वर्ग मिळाला. अप्पा म्हणाले, "अण्णाला आधी कळव, त्यानं किती धावपळ केली."

मी त्यांना खरं सांगितलं नाही. तुझ्यासाठी नाही. त्यांचा तुझ्यावरचा विश्वास मोडायला माझी जीभ रेटली नाही, म्हणून हे पत्रही फक्त तुझ्या-माझ्यातच राहील.

मनीषा