कोकराला उठवणारा हात

केसविकजवळ,
२७ एप्रिल

प्रिय सुचेताताई,
सा. न. आई बरी असेल. इथे अजून थंडी आहे, कुरणं मात्र कोकरांनी भरलीत.

तुझा जुना फोन या पार्सलमध्ये परत पाठवतेय. तू पाठवलास तेव्हा सोबत चिठ्ठी नव्हती, पण चार्जर आठवणीने ठेवला होतास.

माझ्या वर्गातल्या मुलांची फिल्म झाली, एकेक फोटो जोडून. प्लॅस्टिसिनचं कोकरू केलं, आत तार. फोन स्टँडवर घट्ट बसवला, स्टँडचे पाय टेबलाला टेपने चिकटवले. पडदे ओढून एकच दिवा ठेवला, फोकस आणि उजेड लॉक केला, नाहीतर चित्र लुकलुकतं. फोनला हात लागून हलू नये म्हणून इअरफोनच्या बटणाने फोटो काढायचा. अ‍ॅपमध्ये आधीचा फोटो स्क्रीनवर धूसर दिसतो. त्यावरून कोकरू केसभर सरकवायचं, हात बाहेर, क्लिक. सेकंदाला असे बारा फोटो. मुलं सारखी ओरडायची, "हॅन्ड्स आउट, मेगन!"

मेगन नऊ वर्षांची, धनगराची नात, फार बोलत नाही. कोकरू पडतं तो भाग तिने मधल्या सुट्टीत एकटीने काढला. मी घरी फोटो तपासले तर बऱ्याच फ्रेम्समध्ये तिची बोटं. चूक समजून मी त्या काढून टाकल्या. सगळ्या सलग होत्या गं. तेव्हाच कळायला हवं होतं.

शाळेत फिल्म दाखवली. कोकरू कोसळलं आणि टुणकन उभं राहिलं. पालक हसले, टाळ्या वाजल्या. मेगन माझ्याजवळ आली.
"मिस, ते आपोआप उठलं."
"छान उठलं की!"
"आपोआप नाही उठत. ग्रॅन्डॅड उचलतो, चोळतो. तो माझा हात होता."

अ‍ॅपमधून काढून टाकलेली फ्रेम परत येत नाही. मी म्हटलं, पुन्हा शूट करू. ती म्हणाली, "पण आता सगळ्यांनी बघितलं ना."

ताई, त्यानंतर मला नीट झोप नाही. आईच्या पंचाहत्तरीला लंडनला, एजवेअरच्या हॉलमध्ये मी माइकवर काय म्हटलं, ते तुला पाठ असेल. "स्ट्रोकनंतर आमची आई स्वतःच्या जिद्दीवर उभी राहिली." केवढ्या टाळ्या! तू तेव्हा खाली वाकून आईच्या पायात चप्पल सरकवत होतीस. ते मी स्टेजवरून पाहिलं होतं. पाहूनही पुढचं वाक्य बोलले. वाक्य सुंदर होतं, एवढंच कारण.

त्यानंतर तू फोन केला नाहीस. मी हा जुना फोन मागितला, तोही शाळेच्या निमित्ताने. निमित्ताशिवाय धीर नव्हता.

मेगन म्हणते ते खरं आहे, सगळ्यांनी बघितलं. माफी मागून ते पुसलं जाणार नाही.

शनिवारी रात्री पोचते. रविवारी सकाळी आईला उठवशील तेव्हा मला हाक मार. कुठे धरायचं, ते दाखव.

तुझी धाकटी,
शाल्मली