बायसनखालचं काव्यवाचन

२ एप्रिल, सकाळ
निश्चय: यंदाचा सीझन मुकाट्यानं करायचा.
सिदोनीनं मला पुन्हा गाइड म्हणून ठेवलं. आदिमानवानं रंगवलेली ही गुहा तिच्या आजोबांच्या जमिनीत सापडलेली, आता तिची. कडाक्याच्या थंडीत अक्रोडाची झाडं गेली, तेव्हापासून घर तिकिटांवर चालतं, असं तिनं मला परत सांगितलं. मी तिला चौथीत शिकवलं आहे. तेव्हाही एकच गोष्ट दोनदा सांगायची.
नियम असे: आत मोजकी माणसं. शेवटच्या दालनात, जिथे छतावर बायसन, म्हणजे रानबैल काढलाय, तिथे पाच मिनिटं. मग दिवा बंद, सगळे बाहेर. चित्रं का काढली याबद्दलच्या साऱ्या थिअऱ्या सांगायच्या, पण कुठलीच खरी म्हणायची नाही.
मान्य. पाच मिनिटं म्हणजे पुष्कळ.

९ एप्रिल
पहिला ग्रुप. शिकारीच्या जादूवर बोललो. जनावर भिंतीवर काढलं की रानात हाती लागतं, अशी त्या लोकांची श्रद्धा. एका खाटिकाला हे फार पटलं.
दाराशी सिदोनी म्हणाली, मास्तर, खालच्या कपारीत खणून हाडं काढली ती जवळजवळ सगळी रेनडिअरची. भिंतीवर मात्र घोडे आणि बायसन, रेनडिअर एकच. म्हणजे जेवायचं एक आणि मंत्र घालायचा दुसऱ्यावर?
तो तपशिलाचा भाग आहे, असं म्हणालो. घरी येईपर्यंत जादू रद्द केली.

२४ एप्रिल
आज जोड्यांची थिअरी. घोडा हे नरतत्त्व, बायसन हे मादीतत्त्व. कोण कुणाशेजारी, कोण गुहेच्या तोंडाशी, कोण मध्यभागी, सगळं ठरवून. रंगात आलो होतो. एवढ्यात एका बाईंनी विचारलं, मग छतावरच्या या बायसनचं काय? सगळ्यांनी माना वर केल्या. पोटाखाली चित्रकारानं शंकेला जागा ठेवलेली नाही.
तत्त्व वेगळं आणि देह वेगळा, असं सांगितलं. कुणीतरी खिदळलं. जोड्या रद्द.

११ मे
आज भगताच्या समाधीची थिअरी: अंगात आलेल्या भगतानं तंद्रीत जे पाहिलं ते भिंतीवर काढलं. ही मला मनापासून आवडते. गर्द काळोखात डोळ्यांपुढे ठिपके येतात, नागमोडी रेघा येतात, मग जनावरं. दगड म्हणजे पडदा, जनावर पलीकडून येतं. आमच्या बायसनची पाठ कुणी काढलेलीच नाही. ती खडकाची नैसर्गिक कड आहे. चित्रकारानं फक्त डोकं, पोट आणि पाय काळ्या दगडानं जोडले. दिवा हलवला की बरगडी श्वास घेते.
अनुभव यावा म्हणून दिवा घालवला. ठिपके दिसतात का, विचारलं. एक गृहस्थ म्हणाले, मला तर टॅक्सचा कागद आला तरी दिसतात. त्यांच्या सासऱ्यांना डुलकी लागली. समाधी थोडी पुढे ढकलली आहे.

२९ मे, दुपार
सापडलं!
रिकाम्या दालनात बायसनखाली उभा राहून सहज चौथीच्या वर्गातल्या कवितेची एक ओळ म्हटली. आवाज घुमून, जाड होऊन परत आला. अंगावर काटा. चित्रं असतात तिथे आवाज घुमतो, असं काही संशोधक म्हणतातच. पण तिथे काय म्हटलं जायचं, हे त्यांना कुठे कळलंय?
कविता! टोळी गोल बसलेली. कवी बायसनखाली उभा. टाचा जुळवलेल्या, हात पाठीमागे, माझी मुलं फळ्यापाशी उभी राहायची तशी. सारं डोळ्यांसमोर उभं राहिलं. त्या मुलांतलं आता कोण कविता म्हणत असेल?
ती हरवलेली कविता मीच लिहिणार. सुरुवात झालीसुद्धा:
ये तिमिरातुनि, ये वृषराजा,
खूर तुझे पाषाणी वाजा!

१४ जून
कविता पूर्ण. पाच मिनिटांत बसत नाही. श्रोते मात्र जागचे हलत नाहीत. (बाहेरची वाट एकच आहे आणि मी तीत उभा असतो.) दिवा शेवटपर्यंत लावावा लागतो, माझी पानं अंधारात दिसत नाहीत.
सिदोनी तिकिटाच्या खिडकीत असते. तिला कशाला त्रास द्या.

६ जुलै
बायसनच्या मागच्या पायाशी हिरवी झाक दिसते आहे. किती वर्षांनी त्याच्या पायाखाली गवत! एक कडवं वाढवलं.
सिदोनीनं विचारलं, मास्तर, दिवा जास्त वेळ राहतो का हो? गरजेपुरताच, म्हणालो. कवितेची गरज आहेच. म्हणजे हे खोटं नव्हे.
ती सांगत होती, गुहा तपासायला सरकारकडून कोणी मादाम काझेनाव येणार. आतलं दालन उघडं ठेवायचं की नाही ते त्या ठरवणार. दालन गेलं तर लोक कशाला येतील, मास्तर?
तिला धीर दिला. मी आहे ना. मादामना माझी थिअरी ऐकवतो.

२२ जुलै, संध्याकाळ
लिहायचं नव्हतं.
मादाम काझेनाव ठेंगण्या, गुडघ्यांना चामडी पट्टे. हवा मोजायचं यंत्र जमिनीवर ठेवलं. मी टाचा जुळवल्या. त्यांनी पहिली चार कडवी ऐकून घेतली. मग विचारलं, कवी उभा कुठे राहायचा? इथेच, म्हणालो. त्यांनी टॉर्च भिंतीवर टाकला. माझ्या छातीच्याही वर मातीची जुनी रेघ, तिच्याखाली कुदळीचे घाव.
म्हणाल्या, त्या काळी जमीन इथवर होती. चित्रकार चिखलातून सरपटत आला आणि पाठीवर पडून हे काढलं. बायसनचं डोकं दिसायचं तेव्हा शेपूट दिसत नसे. पुरा बायसन त्यानं स्वतःही कधी पाहिला नसेल. श्रोते बसवायला जागा नाही, आवाज घुमायला पोकळी नाही.
प्रवाशांना उभं राहता यावं म्हणून सिदोनीच्या आजोबांनी माती उपसली आणि द्राक्षमळ्यात टाकली. हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे. मलाही होतं. मी धरून चाललो होतो की ती दुसऱ्या दालनातली.
मी विचारलं, मग का काढलं त्यानं? ठाऊक नाही, म्हणाल्या. त्यांना त्याची लाज वाटली नाही.
मग टॉर्च त्या हिरव्या डागावर. शेवाळ. दिवा जितका वेळ जळतो तितकं पसरतं. माणसांच्या श्वासाची वाफ आणि ऊब त्याला पोसते. इथे लोकांना किती वेळ थांबवता?
सिदोनी चटकन म्हणाली, पाचच मिनिटं, मादाम. जास्त कधीच नाही.
तिनं माझ्याकडे पाहिलंही. सगळं माहीत असल्यासारखं.
आणि मी... मघाशी कवी पडला होता, निदान वाचन तरी उभं राहावं, एवढंच मनात होतं. म्हणालो, पाच मिनिटांत कसं होईल? पूर्ण कविता म्हणजे अर्धा तास तरी. एकही माणूस मध्येच गेलेला नाही!
मादामनी लिहून घेतलं.

२३ जुलै
आतलं दालन बंद. जाळीचं दार बसणार. लोकांना आता पहिल्या घोड्यापर्यंतच जाता येईल, तिकिटाचा दर निम्म्यावर.
सिदोनीकडे गेलो. माफी मागायची तयारी करून गेलो होतो, तीही पाठ केलेली. तिनं सूप वाढलं. इकडच्या रीतीप्रमाणे तळाशी उरलेल्यात वाईन ओतून वाडगा तोंडाला लावला. मग एवढंच म्हणाली, मास्तर, मी तुमच्यासाठी खोटं बोलत होते.
माफी आठवेना.

९ ऑगस्ट
गाइडचं काम तिची भाची करते. मी खिडकीत. ते मीच मागितलं. तिनं नाही म्हटलं नाही.
गर्दी आता कमी. एका गृहस्थांनी विचारलं, आत जाळीपलीकडे काय आहे? म्हटलं, बायसन. ते म्हणाले, अंधारात जाऊन कशासाठी काढला असेल हो? मागची दोन-चार माणसं थांबली. सगळे माझ्याकडे बघत होते. खिडकीच्या कोपऱ्यात आवाज बरा घुमतो.
सिदोनी दारात उभी होती.
ठाऊक नाही, म्हणालो. आणि तिकिटं फाडली.
यंदा माझं बोलणं तिला पहिल्यांदाच पटलं असावं. तिनं मान हलवली आणि आत गेली.