तळापुरता चहा

प्रिय नुरझामाल,

मॉस्कोहून रोज फोनवर बजावतेस, "पोरगी घरात पाऊल टाकते ना टाकते तोच विचार, कुठे होतीस!" आज विचारणारच होतो. दुपारी शेजारीण सांगून गेली होती: तुमची बेगिमाय शाळेच्या वेळी बस अड्ड्यावर बॅग घेऊन उभी होती.

ती आली. बूट काढताना माझ्याकडे बघितलंही नाही. जिभेवर आलेला प्रश्न मी गिळला आणि म्हणालो, "आलीस? चहा ताजा आहे." वाटीत तळापुरताच ओतला, ज्याने बसून राहावं असं आपल्याला वाटतं, त्या पाहुण्याला ओततो तसा. काठोकाठ भरलेली वाटी म्हणजे 'प्या आणि निघा', हे तिलाही ठाऊक आहे. मग पाठ फिरवून पीठ मळायला घेतलं.

दुसऱ्या वाटीला म्हणाली, "बाबा, पिठाला का बडवताय? त्याने काय केलंय?"

"फार चिकटतंय मेलं."

हसली नाही. वाटी मात्र पुन्हा पुढे आली.

तिसरी वाटी संपवून म्हणाली, "आईकडे जायला निघाले होते. तिकीटही काढलं होतं."

मी हात थांबू दिले नाहीत. 'मग?' एवढंसुद्धा विचारलं नाही.

"मग वाटलं, ती दारातच विचारेल, शाळा बुडवून का आलीस. म्हणून परत आले."

हे तुला सांगायचं नाही, असं तिने माझ्याकडून वदवून घेतलंय. म्हणून हे पत्र पिठाच्या डब्यामागेच राहील.

तुझा फोन वाजतोय. ती उचलायला उठलीय. नुरझामाल, आज तरी आधी काही विचारू नकोस.

तुझाच,
तोलोगोन