बीजगणितात नऊ मार्क

गिरीज, वसई
१७ ऑगस्ट २०२५

ती. सुहासिनीताईंस,
जितेंद्रचा सा. न. वि. वि.

तुमच्या गुडघ्याचं ऑपरेशन नीट झालं हे कळून बरं वाटलं. फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि मलाही फोनवर बोलता येत नाही. शिवाय आमच्या घरात कुठल्याही खोलीतून बोललं तरी उन्नतीला ऐकू जातं. संपदा तुम्हाला, आपल्या थोरल्या बहिणीला, महिन्याला एक पत्र लिहायची. आता ते काम माझ्याकडे आलं आहे. तिच्यासारखं लिहिता येणार नाही, सांभाळून घ्या.

दोन-तीन आठवड्यांपूर्वी भाजी घेताना उन्नतीच्या क्लासचे सर भेटले. म्हणाले, मुलगी मंगळवारी आणि गुरुवारी येतच नाही, पण तुमच्या मिसेसचं मात्र कौतुक, मेसेज केला की लगेच उत्तर देतात. मी भाजीची पिशवी धरून उभा राहिलो. सर नवीन आहेत, त्यांना संपदा गेल्याचं माहीत नव्हतं. क्लासमध्ये पालक म्हणून संपदाचाच नंबर दिलेला आहे. तो मी अजून बंद केलेला नाही, रिचार्ज करत राहतो. फोन कपाटात असतो असं मला वाटत होतं.

घरी येऊन मी उन्नतीला काही सांगितलं नाही. फक्त विचारलं, आज क्लासमध्ये काय झालं. तिने त्रिकोणमिती झाली म्हणून सांगितलं, आकृतीही काढून दाखवली. दुसऱ्या वेळी विचारलं तर म्हणाली, जादा तास होता. आठवडाभर मी असा विचारत राहिलो. कामणच्या गोदामात माल कमी भरला की आम्ही असंच करतो, आधी माणसाला बोलू देतो आणि मग कागद समोर ठेवतो. मागच्या शनिवारी मी सगळं समोर ठेवलं. तेव्हा तिने कबूल केलं, ती हेमाली नावाच्या मैत्रिणीबरोबर भुईगावच्या किनाऱ्यावर जाते. तिथे सुरूच्या झाडांखाली कॉलेज सोडलेली मुलं बाइक लावून बसतात. अनुज नावाचा एक त्यांचा पुढारी आहे. मी तिला खोटारडी म्हणालो आणि हेमालीचं नाव या घरात नको म्हणालो. तेव्हापासून ती देवळात जाते, लायब्ररीत जाते, आणि यातलं काहीही खरं नसतं.

आईविना मुलगी माझ्या हातून निसटते आहे, ताई. काय करू ते लिहा.

तुमची माया आम्हा दोघांवर असू द्या.
जितेंद्र


रोहा
२५ ऑगस्ट २०२५

चि. जितेंद्रराव यांस,
अ. आ.

पत्र दोनदा वाचलं. अक्षर बरं आहे तुमचं, संपी उगाच हसायची.

मी तीस वर्षं शाळेत काढली, त्यातून जे कळलं ते लिहिते. जे तुम्हाला माहीत आहे ते तिला विचारू नका. पुरावा हातात ठेवून प्रश्न विचारला की पोर घाबरून खोटं बोलतं, आणि ते खोटं आपणच तिच्या तोंडी घातलेलं असतं. आठवडाभर तुम्ही तिचा सराव करून घेतलात. गोदामात चोर पकडायचा असतो, घरात मुलगी परत आणायची असते. माहीत असेल ते सरळ सांगा: तू गुरुवारी गेली नव्हतीस हे मला ठाऊक आहे. एवढंच बोला आणि थांबा.

खोटारडी हा शब्द परत नको. खोटं बोललीस असं म्हणा, ते सुधारता येतं. शिक्षा लहान असावी, आधी सांगितलेली असावी आणि राग नसतानाही पाळली जावी. आपणहून खरं सांगितलं तर शिक्षा निम्मी, माफ मात्र नाही. चौकशी करायची तर तिला सांगून करा. दर शनिवारी सरांना फोन करणार, असं तिच्यासमोर बोला. चोरून पाळत ठेवलीत तर ती आणखी चांगलं लपायला शिकेल.

हेमालीला बंदी घालू नका, जेवायला बोलवा. काय मुलगी आहे ते ताटावर कळतं. तो अनुज मोठा आहे, तिथे ठाम राहा. त्याच्या बाइकवर बसायचं नाही, आणि का नाही तेही सांगा.

आता एक विचारते, रागावू नका. जेवताना तुम्ही दोघं काय बोलता? संपी सांगायची, आमच्या घरात मी आणि कुकर दोघंच बोलतो. कुकर एकटाच उरला असेल तर पोरीने आवाज ऐकायला जायचं कुठे? आणि संपीच्या फोनमधले ते मेसेज वाचा. मुलीने आईच्या नावाने काय लिहिलं ते बापाला माहीत असावं.

उन्नीला माझा पापा द्या, तिला आवडला नाही तरी.
सुहासिनी


गिरीज
१४ सप्टेंबर २०२५

ती. ताईंस,
सा. न. वि. वि.

मेसेज वाचले. बरेचसे साधेच होते, ओके सर, थँक यू सर. एक मात्र तुम्हाला लिहून पाठवतो. जुलैमध्ये तिने सरांना लिहिलं होतं, उन्नतीला आज बरं नाही, काळजी नको, मी घरीच आहे तिच्याजवळ. मी फोन बंद केला आणि बराच वेळ वाडीतल्या केळींना पाणी सोडत बसलो. ज्यांना पाणी नको होतं त्यांनाही दिलं.

दुसऱ्या दिवशी तिला म्हणालो, आईचा फोन तू वापरतेस हे मला ठाऊक आहे, मेसेज मी वाचले आहेत. मी पुढे काही विचारलं नाही. म्हणालो, हा फोन आता माझ्याजवळ चार्ज करून राहील. कुठेही अडकलीस, कुणाहीबरोबर असलीस, तरी आईच्या नंबरवर फोन कर. मी येईन आणि त्या दिवशी एकही प्रश्न विचारणार नाही. बोलायचं ते दुसऱ्या दिवशी. ती म्हणाली, तुम्ही एरवीही कुठे काय विचारता. खरं होतं, म्हणून मी हसलो. मग तीही हसली.

सगळं सरळ झालं असं समजू नका. पुढच्याच रविवारी हेमालीकडे जाते सांगून किनाऱ्यावर गेली. मी म्हणालो, तू भुईगावला होतीस हे मला कळलं. ठरल्याप्रमाणे दोन दिवस तिचा फोन ठेवून घेतला आणि भाषण दिलं नाही. भाषण न देणं मला सोपं गेलं, राग न दाखवणं जड गेलं. पण गेल्या गुरुवारी तिने आपणहून सांगितलं की क्लासमधून अर्ध्यात उठून आले. मी एकच दिवस फोन ठेवला आणि सांगितलंस ते बरं केलंस म्हणालो.

हेमाली जेवायला आली. केळफुलाची भाजी पुन्हा पुन्हा मागून घेतली. म्हणाली, काका, आमच्याकडे संध्याकाळी कुणीच नसतं, मी मॅगी खाते. स्वतःचं ताट स्वतः घासलं. वाईट मुलगी नाही.

तुमचा लोभ आहे म्हणून एवढं लिहवतं.
जितेंद्र


रोहा
२३ सप्टेंबर २०२५

चि. जितेंद्रराव यांस,
अ. आ.

मॅगी खाणाऱ्या पोरीला भाजी वाढणारा जावई आम्हाला मिळाला, हे संपीला कळलं असतं तर तिने अख्ख्या रोह्याला पत्रं पाठवली असती.

रविवारच्या खोट्याने खचू नका. सवय एकदम सुटत नाही. खोटं कमी झालं का यापेक्षा अवघड गोष्ट सांगू लागली का, ते बघा. अर्ध्यात उठल्याचं तिने सांगितलं, हे मोठं आहे. आणि प्रश्न विचारायचा नाही म्हणालात ना, मग तो फोन येईल तेव्हा खरंच विचारू नका. तो एकदा तरी येईल.

जपा दोघंही, आणि मला कळवत राहा.
सुहासिनी


गिरीज
१२ ऑक्टोबर २०२५

ती. ताईंस,
सा. न. वि. वि.

फोन आला.

काल संध्याकाळी मी भाकऱ्या करत होतो. संपदाचा फोन वाजला. तिने फोनमध्ये मुलीचं नाव उन्नी असं ठेवलं होतं, तेच पडद्यावर आलं. पिठाच्या हाताने उचलला. म्हणाली, बाबा, या. आम्ही दोघी आहोत, हेमालीपण आहे. भुईगावला.

शेजारच्या फेबियनची रिक्षा घेऊन गेलो. दोघी रस्त्याकडेच्या एका घराच्या ओट्यावर बसल्या होत्या. घरातल्या आग्नेसबाईंनी त्यांना पाणी दिलं होतं. अनुज आणि त्याची दोस्तमंडळी तिकडे वाळूत पीत होती. मला पाहून त्याने हात वर केला. मी पोरींना रिक्षात बसवलं. फेबियनला मात्र राहवेना. रिक्षा वळवता वळवता म्हणाला, काय गं पोरींनो, इथे काय करत होतात. मी मागून त्याचा खांदा दाबला. मग तो घरापर्यंत नुसता खाकरत राहिला. हेमालीला तिच्या दारात सोडलं. घरी आल्यावर भाकऱ्या गार झाल्या होत्या, तशाच खाल्ल्या. काल मी एक शब्द विचारला नाही. ताई, आयुष्यभर मी गप्प राहिलो, पण गप्प राहायला इतकं बळ लागतं हे काल कळलं.

आज सकाळी चहानंतर तिनेच सुरुवात केली. अनुज प्यायला होता आणि बाइकवरून सोडतो म्हणून हट्ट धरून बसला होता. ही नाही म्हणाली, तर बाकीचे हसले. हेमाली बसायला निघाली होती, हिने तिचा हात धरून तिला रस्त्यावर आणलं. तिथे तिने ई-सिगरेटही ओढून पाहिली होती, तेही सांगितलं. मग म्हणाली, तिथे कुणाला माहीत नाही की आई गेली. मी त्यांना सांगायचे, आई फार कडक आहे, सातच्या आत घरी यायला लागतं. शाळेत सगळे बिचारी म्हणून बघतात. तिथे मला आई होती.

मग मी तिला सांगितलं की संपदा कडक मुळीच नव्हती. लग्नाआधी ती तुम्हाला टायपिंगला जाते सांगून नाटकाच्या तालमीला जायची, हे सांगितलं. तुम्हाला हे माहीत होतं का? उन्नती पोट धरून हसली. दुपारपर्यंत आम्ही बोलत होतो. कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहून गेल्या, डाळीचा लगदा झाला.

शिक्षा ठरली तशी मिळालीच. महिनाभर किनारा बंद. तिने वाद घातला नाही.

तुमचा शब्द पाळला, एवढं समाधान कळवतो. प्रेम ठेवा.
जितेंद्र


गिरीज
७ डिसेंबर २०२५

ती. ताईंस,
सा. न. वि. वि.

संपदाचं वर्षश्राद्ध काल पार पडलं. तुम्हाला गुडघ्यामुळे येता आलं नाही, म्हणून सगळं लिहितो. वाडीतलीच पानं घेतली, वाढायला उन्नती आणि हेमाली होत्या.

पंगत चालू असताना शांतारामदादांनी विषय काढला. माझा मोठा भाऊ, तुम्ही ओळखता. त्यांच्या नातवाला सहामाहीत पहिला नंबर मिळाला आहे, तो चार ताटांना सांगून झाला होता. मग माझ्याकडे वळून सगळ्यांदेखत विचारलं, आपल्या उन्नतीचं दहावीचं काय, गणितात किती पडले. पंगत माझ्याकडे बघू लागली. खरं सांगतो, माझ्या तोंडात शब्द तयार होता, ठीक आहेत म्हणून. म्हणणारच होतो.

ती भाताचं पातेलं घेऊन माझ्यामागे उभी होती. म्हणाली, काका, बीजगणितात चाळीसपैकी नऊ. दोन महिने मी मंगळवारी-गुरुवारी क्लासला गेलेच नाही आणि घरी खोटं सांगत होते. आता जाते. मग त्यांना विचारलं, भात वाढू का.

दादांनी भात घेतला. थोड्या वेळाने म्हणाले, अरे, पोरगी काय बोलते ही, चारचौघांत. मी म्हणालो, दादा, बरोबर बोलते, नऊच पडले. माझा आवाज इतका मोठा निघाला की पलीकडच्या ओळीतल्यांनी मान वर केली. इतक्या वर्षांत एवढ्या माणसांत मी मोठ्याने बोललो तो हा पहिलाच शब्द असेल. ताई, त्यांच्या नातवाच्या पहिल्या नंबराचा मला हेवा वाटला नाही. माझा ऊर भरून आला होता आणि पानातलं काही दिसत नव्हतं.

रात्री आवरल्यावर तिने मला सांगितलं की क्लासमध्ये आता तुमचा नंबर द्या. आईचा फोन मात्र बंद करू नका, लागला तर असावा. मी रिचार्ज करून ठेवला आहे.

संपदा असती तर ही बातमी तुम्हाला तिने कळवली असती, आणि चांगली चार पानं लिहिली असती. मी एवढंच कळवतो, की आपल्या मुलीला बीजगणितात नऊ मार्क पडले, आणि ते तिने भर पंगतीत स्वतः सांगितले.

माया आहेच, ती तशीच राहू द्या.
जितेंद्र