पोकळीतला गोळा

३ मार्च
आले एकदाची लेकीच्या नव्या घरी! खोली झकास, खिडकीतून अंगभर ऊन. नात म्हणाली, तुझ्या खोकल्यावरून कळेल तू घरात कुठे आहेस ते. लबाड कुठली! खोकला मात्र न बोलावता सोबत आलाय. तरुणपणी क्षय झाला होता, औषधं पुरी करून खडखडीत बरी झाले. आता तिकडच्या डॉक्टरांनी क्षय उलटला म्हणत पुन्हा गोळ्या सुरू केल्यात. गुण शून्य.

५ मार्च
उद्या नव्या डॉक्टरीणबाई. लेकीने बजावलंय, जुनं असेल ते सगळं घे. ट्रंकेच्या तळाशी बरी झाले तेव्हाचा छातीचा एक्स-रे फोटो सापडला. शी! ओल लागून फिल्मवर करडी, लोकरीसारखी बुरशी. कोरड्या कापसाने हलकेच पुसली. वास नाकात बसला, घास उतरेना.

६ मार्च
बाईंनी जुना-नवा फोटो उजेडाच्या पेटीवर शेजारी लावले. जुन्यात उजव्या फुप्फुसाच्या शेंड्याला पातळ काठाची काळी पोकळी. क्षयाने खाल्लेली जागा, रिकामी. नव्यात जागा तीच, पण आत पांढरा गोळा आणि त्याच्या डोक्यावर हवेची काळी कोर. मी म्हटलं, माझ्या ट्रंकेतली बुरशी याही फिल्मला लागली वाटतं. बाईंनी गोळ्यावर बोट टेकवलं. म्हणाल्या, आजी, बुरशीच वाटतेय, पण फिल्मवर नाही.

१० मार्च
मशीनमध्ये उताणं घातलं, मग पालथं. गोळा पोकळीत घरंगळला. म्हणजे सुटा आहे, गाठ नव्हे. रक्ताच्या तपासणीतही बुरशीच निघाली. थुंकीत क्षयाचे जंतू नाहीत, त्या गोळ्या बंद. ही बुरशी सगळ्यांच्याच श्वासातून आत जाते म्हणे. माझ्याकडे तिला रिकामी खोली मिळाली. धागे, शेंबूड, रक्त, सगळं वळून झालेला लाडू. ऑपरेशन करून तेवढा भाग काढायचा, पण आधी फुप्फुसांचा दम मोजणार. बाईंनी बजावलं, खोकल्यातून रक्त पडलं तर थेंब असला तरी कळवा. जास्त पडलं तर उजव्या कुशीवर निजून लगेच दवाखान्यात. चांगलं फुप्फुस वर राहिलं तर रक्तात बुडत नाही.

१२ मार्च
गोळा जाणवत नाही, असं बाई म्हणतात. मला जाणवतो. कूस बदलली की मागोमाग येतो. जेवताना तोंडात ट्रंकेचा वास. ताट सारलं. लेक रुसली, तिला काय सांगू —

१४ मार्च
सकाळी बेसिनमध्ये लाल धागा. त्यात करडं काहीतरी. नळ सोडून दिला. लेकीला सांगितलं नाही. उगाच घाबरेल. उद्या दम मोजायला दवाखान्यात जायचंच आहे, तेव्हा —

१५ मार्च
गरम. ओंजळभर. उशीचा अभ्रा गेला. लेकीला कालचं सांगितलं. आई, काल का नाही बोललीस, म्हणून रडतेय. नात खाली दवाखान्याची गाडी आली का बघायला धावली.
उजव्या कुशीवर निजलेय. लिहितेय तोवर आहे.
गोळा खाली आला. ठाऊक आहे, जाणवत नाही म्हणतात. पण —
गाडीचा आवाज. जिन्यावर पावलं. पुन्हा तोंड भरलं. तोच वास. आणि जिभेवर काहीतरी लोकरीसा—