उशाशी कोण बसलं?

अमरावती, ९ जानेवारी १८६४

आज दिवेलागणीला सगळं बदललं. हरिहरपंत वकील म्हणाले, "गोपाळा, तुझ्या फ्रेंच साहेबाची ती कविता मराठीत आण. ताराला वाचू दे." मग खाली बघून — "तिचं मी पुन्हा जमवणार आहे. बोलोत लोक." आणि माझ्याकडे बघितलं. माझ्याकडेच!

पंतांची मुलगी तारा अकराव्या वर्षी विधवा झाली, आता एकोणीस. दिवाळीत तिची आईवेगळी धाकटी बहीण चारू पटकीनं गेली. नऊ वर्षांची. तारा तेव्हापासून रडलेली नाही.

११ जानेवारी

अमेरिकेत लढाई, म्हणून बेर्नारसाहेब इथं कापूस घ्यायला आला आणि मी त्याचा दुभाष्या झालो. कॉलेज मास्तरांशी भांडून सोडलं; पाद्र्याकडची फ्रेंच तेवढी उरली.

कविता साहेबाच्या आईची, मुलगी वारली तेव्हाची. मृत्यू येतो, आजारी पोरीच्या उशाशी बसतो, हात हातात घेतो, म्हणतो, मी तुझी मोठी बहीण.

येतो? बसतो? इथंच अडलं! फ्रेंचमध्ये मृत्यू बाई — 'ला मोर'. तिथे नपुंसकलिंगच नाही. प्रत्येक वस्तू 'ल' नाहीतर 'ला'. साहेब हसून म्हणाला, "खुर्चीही 'ला' आहे, म्हणून आम्ही खुर्चीला बाई समजत नाही. पण आईनं 'बहीण' लिहिलं, तिथे तो झोपलेला 'ला' जागा झाला."

१२ जानेवारी

रात्र जमली; तिकडेही ती, इकडेही ती. चंद्र तिकडे बाई, त्याची चांदणी केली. 'दुलर' म्हणजे दुःख, तेही बाई, वेदना केली. पण मृत्यू तो, काळ तो, यम तर रेड्यावरचा! मरण ते. शिवाय मराठीत लपायला जागा नाही. त्यांच्या 'आली'तली बाई एका मुक्या अक्षरात, कानाला कळतही नाही. आपल्याकडे आला, आली, आलं — प्रत्येक क्रियापद चहाडी करतं.

पार्बताबाई भांडी घासत होती. विचारलं, मरण बाई की बाप्या?

"कावून इचारता भाऊ? मरीमाय बाईच हाये ना! पन तिचं नाव सांजच्या पारी काढू नोका."

पटकीची देवी! चारूला जिनं नेलं तिलाच तिच्या उशाशी कशी बसवू?

१३ जानेवारी

सुचलं. नाव आधी घ्यायचंच नाही.

ती आली, उशाशी बसली.
हात हाती घेऊन म्हणाली,
ताईच मी तुझी —
लोक मला मरण म्हणतात.

बरोबर आहे. अगदी बरोबर.

१४ जानेवारी

फाडलं.

'मृत्यू आला' असं लिहिलं. बहिणीचा 'सखा' केला. तो बसला, त्यानं हात धरला. वाचताना मीच तिथे बसलो होतो, ताराच्या उशाशी. देवा, किती गोड वाटलं!

१६ जानेवारी

हरिहरपंतांनी कागद आत दिला. बऱ्याच वेळानं तारा दाराशी आली. कधी नव्हे ते थेट माझ्याशी बोलली.

"चारू वैद्यबुवांनासुद्धा घाबरायची. परका पुरुष दिसला की माझ्या पदरात शिरायची. शेवटी मी तिला म्हटलं, आई आलीय न्यायला. तेव्हा शांत झाली." मग — "मुळात तो आहे, की ती?"

मी म्हणालो, "तो."

२१ जानेवारी

तारा अकोल्याला आत्याकडे गेली. "डोळा लागला की चारूजवळ तो माणूस दिसतो," असं म्हणाली म्हणे. हरिहरपंत आता बस म्हणत नाहीत.

२२ जानेवारी

मूर्ख! नीच! चार ओळी आठवून पुन्हा लिहिल्या.

अकोला, २५ जानेवारी

बैलांच्या दमणीत तीन दिवस, हाडं खिळखिळी. आत्याबाईंनी दारातच अडवलं. "कामून आले जी?" म्हणालो, खोटं बोललो होतो, ते सांगायला.

ताराला कागद दिला. सगळं सांगितलं. फाडलेलंही, तो 'सखा' मीच होतो तेही.

तिनं वाचलं. मग मोठ्यानं वाचलं. 'ताईच मी तुझी' पाशी आवाज फुटला आणि ती रडली. आत्याबाईंनी जवळ घेतलं. किती वेळ, कोण जाणे. मी भिंतीकडे बघत उभा.

डोळे पुसून ती म्हणाली, "बाबांनी तुमच्याबद्दल विचारलं होतं. संक्रांतीच्या आधीच. मी हो म्हटलं होतं."

"आणि आता?"

"आता नाही. माझ्या चारूजवळ तुम्ही स्वतः जाऊन बसलात." कागदाची घडी घातली. "हा ठेवते."

मी बाहेर आलो. दार मीच ओढून घेतलं.