ताट धुऊन प्यालो

माकणी, चैत्र १९४८, बुधवार संध्याकाळ

निजामाचे पोलीस लिंगायत मास्तराला, म्हणजे मला, शोधताहेत. म्हणून कोंडाकाकूंचा मराठा भाचा बनून त्यांच्याकडं लपलोय. गळ्यातलं लिंग उपरण्याच्या गाठीत. आज पोलीस पाटील जेवायला आला. मटण होतं. जन्मात पहिल्यांदा गिळलं, तोंडही वाकडं केलं नाही. सुटलो म्हटलं! आणि सवयीनं ताटात पाणी ओतलं, बोटानं ताट धुतलं, पिऊन टाकलं.

पाटील स्वतःच्या ताटात हात धुता धुता थांबला. "असं तर लिंगायत करत्यात की!"

काकू हसल्या, "लिंगायताच्या दुकानात व्हता वो कामाला. तिथली सवय."

पाटील गेला. पटलं का त्याला? कोण जाणे. पण ते मटणाचं पाणी पिताना मी रोजच्यासारखं शिवाचं नाव घेतलं, हे कुणाला सांगू?